भातकापणी, डॉक्सीसायक्लिन आणि भाजलेले हात

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, शनिवारची सकाळ. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. पन्नाशी ओलांडलेल्या एक काकी आत आल्या आणि खुर्चीवर न टेकता काठावर बसल्या. दोन्ही हात पुढे धरलेले, बोटं किंचित वाकवलेली. गरम कढईला हात लागलेला माणूस धरतो, तसे. सोबत आलेल्या मुलाने टेबलावर औषधांची पिशवी ठेवली आणि काकी म्हणाल्या, "डॉक्टरानु, ह्या औषद माका गरम पडला."

औषध मीच दिलं होतं. पाच दिवसांपूर्वी, सोमवारी, त्या तापाने फणफणत आल्या होत्या. डोळे लाल, डोकं ठणकतंय, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की नुसता हात लावला तरी कळ जायची. भाताच्या खाचरात अनवाणी काम, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या. आमच्या भागात या दिवसांत एवढं ऐकलं की लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी करावा लागतो. उंदराच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात आलेला जंतू चिरलेल्या, भिजून मऊ झालेल्या कातडीतून शरीरात शिरतो. रक्त तपासायला पाठवलं. प्लेटलेट थोड्या कमी होत्या. मूत्रपिंड आणि यकृत शाबूत होतं, कावीळ नव्हती, लघवी व्यवस्थित होत होती. सौम्य आजार. लेप्टोच्या चाचणीचा निकाल यायची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, 100 मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पुढे निकाल लेप्टोचाच आला. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडव्या होऊ नका, हे सांगितलं. घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून हे मी न चुकता सांगतो.

उन्हाबद्दल मात्र सांगायचं राहिलं. ताप असलेली बाई घरात पडून राहील, असं मी मनातल्या मनात गृहीत धरलं होतं. पुढचं जे काही लिहितो आहे, ते त्या राहून गेलेल्या एका वाक्याबद्दल आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग तसाच ठेवला आहे.

झालं असं. मंगळवार, बुधवार काकी घरी होत्या. बुधवारी रात्री ताप उतरला. गुरुवारी सकाळी आकाश लख्ख होतं, पण दोन दिवसांत परतीचा पाऊस येणार असं सगळे म्हणत होते. भात पिकून उभं. एकदा आडवं झालं आणि त्यावर पाणी पडलं की लोंबीतला दाणा जागेवर कोंब धरतो. सकाळची गोळी घेऊन त्या नऊच्या सुमारास विळा घेऊन खाचरात उतरल्या आणि चार वाजेपर्यंत कापत राहिल्या, मध्ये जेवायला बसल्या तेवढीच सावली. दुपारीच हातांच्या पाठीवर मुंग्या आल्यासारखं, चटचटल्यासारखं वाटत होतं. भाताच्या पात्याने कापलं असेल म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळी हातावर पाणी घेतलं तर आग झाली. तरी रात्रीची गोळी घेतली. शुक्रवारी सकाळी हात सुजले होते आणि उजव्या हातावर दोन फोड आले होते. शेजारणीने सांगितलं, गोळ्या गरम पडल्या, बंद कर. त्यांनी बंद केल्या.

पिशवीतून मी पाकीट काढून मोजलं. दहाच्या पाकिटात तीन गोळ्या उरलेल्या आणि चारचा कापलेला तुकडा तसाच. चौदापैकी सात घेतल्या, सात शिल्लक.

आता हात बघितले. दोन्ही हातांच्या पाठी, बोटांच्या मुळापासून मनगटाच्या वरपर्यंत, गर्द तांबूस-काळसर झाल्या होत्या. सावळ्या कातडीवर ही लाली पुस्तकातल्या गोऱ्या माणसाच्या फोटोसारखी लालभडक दिसत नाही. ती काळपट, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी दिसते, आणि नुसत्या नजरेने सहज सुटते. म्हणून हाताची पालथी बाजू टेकवून बघायचं: कातडी शेजारच्या भागापेक्षा गरम लागते, ताणलेली आणि चकचकीत असते, दाबलं की दुखते. उजव्या हातावर वाटाण्याएवढे दोन फोड, आत स्वच्छ पाणी. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या वर सरकवायला सांगितल्या, तर खाली फिकट, निरोगी कातडीची पट्टी, कडा रेषेसारखी सरळ. बोटांच्या बेचक्या स्वच्छ. तळहात स्वच्छ.

मग त्यांना उभं करून पाठमोरं केलं, आणि तिथे निदान पक्कं झालं. मानेच्या मागे, अंबाड्याच्या खाली आणि ब्लाऊजच्या गळ्याच्या वर, भाजल्याचा एक अर्धगोल. कमरेवर, ब्लाऊज संपतो आणि साडी सुरू होते त्या चार बोटांच्या उघड्या जागेत, आडवा पट्टा. पोटऱ्यांची मागची बाजू भाजलेली, पुढची नडगी जवळपास नितळ. चेहऱ्यावर फक्त नाकाचा शेंडा आणि कानांच्या पाळ्यांची वरची कड. गाल ठीक, हनुवटीखाली काही नाही.

भात कापणारी बाई कशी उभी असते ते डोळ्यांपुढे आणा. कमरेतून वाकलेली, तोंड जमिनीकडे, साडी खोचून वर घेतलेली, डाव्या मुठीत भाताचे चूड, उजव्या मुठीत विळा. सूर्याला दिसतात त्या नेमक्या एवढ्याच जागा: मान, कंबर, पोटऱ्यांची मागची बाजू, मुठींच्या पाठी. त्या दिवशी त्या कशा वाकल्या होत्या, साडी कुठवर खोचली होती, हे सगळं त्यांच्या अंगावर उमटलं होतं. रक्तातून पसरणारी अॅलर्जी अशी बांगडीच्या कडेवर थांबत नाही.

तरी "ऊन लागलं" म्हणून भागत नव्हतं. काकी तीस वर्षं याच खाचरात, याच ऑक्टोबरच्या उन्हात भात कापत आल्या आहेत. कधी भाजल्या नाहीत. त्यांच्या शेजारी दिवसभर कापणारी जाऊ धडधाकट होती. ऊन तेच, रापलेली कातडी तीच. गेल्या वर्षीपेक्षा वेगळं होतं ते फक्त रक्तातलं डॉक्सीसायक्लिन.

औषध आणि ऊन एकत्र आल्यावर कातडीत काय होतं, ते समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. डॉक्सीसायक्लिन रक्तातून कातडीत पोचतं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण दोन प्रकारचे आपल्यापर्यंत येतात. नेहमीचं ऊन भाजतं ते मुख्यतः यूव्हीबीने. डॉक्सीसायक्लिनचा रेणू मात्र यूव्हीए शोषून घेतो. हे किरण कातडीत जास्त खोल उतरतात, एरवी फारसं भाजत नाहीत. रेणूने घेतलेली ती ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देतो, आणि तो चवताळलेला ऑक्सिजन आसपासच्या पेशींची आवरणं जाळतो. याला फोटोटॉक्सिक प्रतिक्रिया म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती यात कारण नसते. म्हणून हे पहिल्याच वेळी, पहिल्याच उन्हात, कोणालाही होऊ शकतं. पुरेसं औषध आणि पुरेसं ऊन एवढंच लागतं. डोस वाढला की शक्यता वाढते: मुरुमांसाठी दिवसाला एक गोळी घेणाऱ्याला जे होत नाही, ते दोन गोळ्या घेणाऱ्याला होऊ शकतं.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या लोकांच्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहेत. एक, यूव्हीए दिवसभर बऱ्यापैकी सारखा असतो, यूव्हीबीसारखा फक्त भर दुपारी चढत नाही. सकाळी आठचं कोवळं ऊन किंवा पाचची तिरीप नेहमीच्या माणसाला काही करत नाही, पण ही गोळी घेणाऱ्याने त्याचा पूर्ण भरवसा धरू नये. ढगांतूनही तो बराचसा येतो. दोन, तो खिडकीच्या साध्या काचेतून आरपार जातो. आमच्याकडे एक टेम्पोचालक आला होता, त्याचा फक्त उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला, डावा कोरा. काच वर असते, ऊन लागत नाही, असं तो परत परत सांगत होता. ऊन लागतच होतं, फक्त चटका जाणवत नव्हता.

काकींच्या बाबतीत अजून एक गोष्ट तपासायची होती. पिशवीत रक्तदाबाची गोळी होती, टेल्मिसार्टनची, आणि नावापुढे इंग्रजी एच. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध, आणि तेही उन्हाने भाजवणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडे हजारो लोक ही जोडगोळी रोज घेतात आणि त्यातला एच काय ते कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. मग दोषी कोण? काकी ती गोळी दोन वर्षं घेत होत्या, दोन कापण्या तिच्यासोबत बिनबोभाट झाल्या. नवं औषध आल्यापासून चार दिवसांत, उन्हात गेल्याच्या दिवशीच भाजलं. माझा कौल डॉक्सीसायक्लिनला. पण दोन भाजवणारी औषधं एकाच अंगात असताना मी दुसऱ्याला साफ निर्दोष म्हणणार नाही. शिवाय तापातून उठलेल्या, नीट न जेवलेल्या, लेप्टो झालेल्या माणसाला लघवी वाढवणारं औषध तसंही नको. रक्तदाब मोजून एच नसलेली साधी टेल्मिसार्टन दिली.

तिसरी शंका गंभीर पुरळाची. औषधामुळे उठणारं पुरळ जीवघेणंही असू शकतं, आणि ते उन्हाचं समजून सोडून दिलं तर पस्तावायची वेळ येते. म्हणून बॅटरी घेऊन तोंड आतून बघितलं: छाले नव्हते. डोळ्यांतली सोमवारची लाली उतरली होती. झाकलेल्या भागावर, पोटावर, मांड्यांवर, छातीवर, एकही डाग नव्हता. ताप परतला नव्हता. चेहरा सुजला नव्हता. यातलं काहीही असतं, म्हणजे तोंडात किंवा गुप्तांगात फोड, कपड्यांखाली पसरणारं पुरळ, कातडी सुटून येणं, पुरळाबरोबर नवा ताप, तर मी सगळी औषधं थांबवून त्याच तासाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं असतं. उन्हाची अॅलर्जी म्हणून एक वेगळाही प्रकार असतो, त्यात आग कमी आणि खाज जास्त असते, पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं आणि झाकलेल्या जागीही सरकतं. काकींना खाज नव्हती, आग होती, आणि ती त्याच संध्याकाळी सुरू झाली होती.

मला सगळ्यात जास्त काळजी फोडांची नव्हती, उरलेल्या सात गोळ्यांची होती. भाजलेले हात पंधरा दिवसांत बरे होतात. अर्धवट सोडलेला लेप्टो फुप्फुसात किंवा मूत्रपिंडात उतरला तर माणूस हाताचा जातो, आणि आमच्या जिल्ह्याने ते पाहिलेलं आहे. "गोळी गरम पडली" या शब्दांत हा धोका आहे. त्या शब्दांनी दोष गोळीवर जातो, गोळी बंद होते, ऊन मात्र चालूच राहतं. खरं तर त्या गुरुवारी थांबवायचं होतं ते ऊन. गोळी चालू ठेवायची होती.

अशा वेळी दोन रस्ते असतात. भाजणं हलकं असेल, नुसती लाली आणि चटचट, आणि रुग्ण घरात बसू शकत असेल, तर मी डॉक्सीसायक्लिन तसंच चालू ठेवतो आणि सावली सांगतो. फोड आले असतील किंवा माणसाला उन्हात गेल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर औषध बदलतो. काकींना विचारलं, आठवडाभर घरी बसाल का? त्या म्हणाल्या, "भात पिकान उभा आसा, डॉक्टरानु. पाऊस इलो तर?" उत्तर मिळालं. पूर्वी पेनिसिलीनच्या कुठल्या औषधाने त्रास झाला होता का ते नीट विचारून घेतलं आणि उरलेल्या दिवसांसाठी अॅमॉक्सिसिलीन दिलं. सौम्य लेप्टोला ते चालतं आणि उन्हात भाजवत नाही. अॅझिथ्रोमायसिनही चाललं असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातलं काही मी दिलं नसतं, कारण तीही उन्हाशी वैर असलेली औषधं आहेत. आगीतून उठून फुफाट्यात.

औषध बदललं म्हणजे लगेच शेतात जायला मोकळं, असंही नाही. हे मी त्यांच्या मुलाला कागदावर मांडून दाखवलं. डॉक्सीसायक्लिन शरीरातून हळू जातं. साधारण 18 तासांत निम्मं उरतं, पुढच्या 18 तासांत त्याच्याही निम्मं. शेवटची गोळी गुरुवारी रात्री. शनिवारी सकाळपर्यंत अंगात पावभागाच्या आसपास अजून आहे. नगण्य व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे मंगळवार-बुधवारपर्यंत सांभाळायचं. याच हिशेबाने आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, जो मला नेहमी विचारतात: गोळी रात्री घेतली तर दिवसा ऊन चालेल का? नाही. रात्री दहाची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी निम्म्याहून जास्त अंगातच असते.

भाजलेल्या जागेचा उपचार साधा होता. स्वच्छ सुती कापड थंड पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावायचा नाही. फोड फोडायचे नाहीत, वरची कातडी हीच जखमेची पट्टी. न फुटलेल्या लाल भागावर मोमेटासोनचं मलम दिवसातून एकदा, फक्त चार-पाच दिवस, आणि त्यावर साधं पेट्रोलियम जेली. घरी त्यांनी कोकमतेल लावलं होतं, त्याने काही बिघडलं नव्हतं. हळद आणि टूथपेस्ट मात्र लावू नका म्हणून बजावलं. तीन-चार औषधं एकत्र केलेली जी मलमं दुकानात "कसल्याही पुरळाला" म्हणून मिळतात, तीही नकोत: त्यात जोरकस स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं लेप्टोत मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि त्यातली नेप्रॉक्सेन, कीटोप्रोफेनसारखी काही स्वतःच उन्हात भाजवतात.

मग भाताचं काय, हा प्रश्न होताच. तो सोडवल्याशिवाय बाकीचं सगळं वाया गेलं असतं, कारण काकी सोमवारी खाचरात उतरल्याच असत्या. मुलगा म्हणाला, कापणी मी आणि काका करतो. काकींनी मांगरातल्या सावलीत बसून पेंढ्या बांधाव्यात, असं ठरलं. आणि उन्हात जावंच लागलं तर कपडा. इथे मी सनस्क्रीनच्या आधी कपड्याचं नाव घेतो, आणि ते खर्च वाचावा म्हणून नाही. डॉक्सीसायक्लिन अंगात असताना थोडा यूव्हीएही पुरतो, आणि घामाने, पाण्याने, विळ्याच्या मुठीने घासून निघणारं क्रीम शेतात दोन तासही टिकत नाही. घरात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट असतोच. आमच्याकडे बायका कापणीला तो साडीवर घालतातच, काकींनी त्या दिवशी उकडतं म्हणून घातला नव्हता. शर्टाने हात, कंबर आणि मान एका झटक्यात झाकली जातात, कॉलर उभी करायची फक्त. कापड उजेडासमोर धरून बघायचं: त्यातून पलीकडचा हात दिसत असेल तर यूव्हीएही येणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं चांगलं. धुऊन धुऊन विरलेलं पांढरं सुती कापड, त्यातही घामाने भिजलेलं, फारसं अडवत नाही. पोटऱ्यांसाठी आत लेगिंग किंवा पायजमा. हातांसाठी स्कूटरवाल्या मुली वापरतात ते सुती हातमोजे, विळ्याची पकड सुटत नाही असे. डोक्यावर फडका कानांवरून मागे मानेवर येईल असा.

क्रीम उरलेल्या जागांसाठी: नाक, कानांच्या कडा, ओठांच्या वरचा भाग. आणि ते घेताना फक्त एसपीएफचा आकडा बघून घ्यायचं नाही. तो आकडा यूव्हीबीपासूनचं संरक्षण सांगतो, आणि इथे शत्रू यूव्हीए आहे. बाटलीवर ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए आणि पुढे तीन-चार अधिकची चिन्हं हवीत, किंवा घटकांत झिंक ऑक्साइड. घराबाहेर पडायच्या पाव तास आधी, जाड थर, दर दोन तासांनी परत. एसपीएफ 50 लावूनही भाजलो अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण पातळ बोटभर क्रीम सकाळी एकदा लावून दिवसभर फिरलेले असतात.

काकी मंगळवारी परत दाखवायला आल्या. सूज उतरली होती, फोड बसले होते, कातडी पापुद्र्याने सुटत होती. ताप नव्हता. मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा केली, ठीक आली. मी त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. एक, लाली गेली की त्या जागी काळे डाग राहतील आणि ते जायला महिने लागतील. आपल्या कातडीत हे होतंच, डाग घासायचे नाहीत, त्यावर गोरं करणारी क्रीमं लावायची नाहीत, ऊन टाळलं की ते आपोआप फिके होतात. दुसरी गोष्ट नखांची.

हे सांगून ठेवलं नसतं तर त्या घाबरल्या असत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भाजल्यापासून साधारण अठरा दिवसांनी, त्या हात पुढे करून आल्या. दोन्ही हातांच्या तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची नखं टोकाकडून सुटली होती. नखाच्या पुढच्या भागात पिवळट-पांढरी अर्धचंद्राची पोकळी, आत एका ठिकाणी रक्ताचा तपकिरी ठिपका, आणि दाबलं की दुखत होतं. अंगठे मात्र दोन्ही साबूत. मूठ वळली की अंगठ्याचं नख बाजूला, आत वळतं, बोटांची नखं सूर्याकडे तोंड करून राहतात. विळ्याची मूठ असो की गाडीचं हँडल, अंगठा बहुधा वाचतो. याला फोटोऑनिकोलायसिस म्हणतात. नख हे पारदर्शक भिंगासारखं काम करतं, खालच्या नाजूक कातडीत यूव्हीए पोचतो, आणि नख चिकटलेली जागा सुटते. हे भाजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसत असल्यामुळे औषधाशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. काही जणांना तर कातडी अजिबात भाजत नाही, थेट नखंच सुटतात. मग कोणी बुरशीच्या गोळ्या सुरू करतं, तीन-तीन महिने, विनाकारण. बुरशी एकाच वेळी सहा नखांवर, सारख्या आकाराची, दुखणारी अशी उगवत नाही.

नखं आखूड कापली, खाली काडीने कोरू नका म्हटलं, भांडी घासताना हातमोजे. बाकी काही औषध नाही. बोटांची नखं महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतात, त्यामुळे चार-सहा महिन्यांत नवं नख पूर्ण येतं.

त्या दिवशी मी त्यांच्या कार्डावर लाल शाईने लिहिलं: "डॉक्सीसायक्लिन, दिवसाला 200 मिलीग्रॅम, उन्हात भाजलं. अॅलर्जी नाही. गरज पडल्यास ऊन टाळून देता येईल." हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. कार्डावर "डॉक्सीसायक्लिन अॅलर्जी" असं एकदा लिहिलं गेलं की ते माणसाला जन्मभर चिकटतं. उद्या काकींना स्क्रब टायफस झाला, आणि गवतात वावरणाऱ्या माणसाला आपल्याकडे तो होतो, तर त्याचं पहिल्या पसंतीचं औषध हेच आहे. रात्री दोन वाजता, ताप चढलेला असताना, समोरच्या डॉक्टरने ते कार्ड बघून हात आखडता घ्यावा, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

दवाखान्यात तेव्हापासून एक बदल केला. डॉक्सीसायक्लिन लिहिलं की चिठ्ठीवर पाण्याच्या सूचनेखाली आणखी दोन ओळी जातात: गोळ्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावर पाच दिवस ऊन टाळा, जावं लागलं तर पूर्ण बाह्या. आणि हात, नाक, मान चटचटू लागली तर त्याच क्षणी सावलीत या, गोळी बंद करू नका, फोन करा. ती पहिली चटचट फार कामाची असते. काकींना ती गुरुवारी जेवणाच्या वेळेला कळली होती. तेव्हा त्या सावलीत गेल्या असत्या तर फोड आलेच नसते. मी आता रुग्णाला "घरी आराम करा" एवढंच सांगत नाही, विचारतो, उद्या काय काम आहे? ज्याचं भात उभं आहे, ज्याची होडी समुद्रात जायची आहे, ज्याला दिवसभर मोटरसायकलवर फिरती आहे, तो ताप उतरला की निघणारच. त्याच्यासाठी सावली कुठे आहे आणि शर्ट कुठला आहे, ते तिथल्या तिथे ठरवतो, नाहीतर पहिल्यापासून दुसरं औषध देतो.

पुढच्या जुलैत लावणीच्या वेळी आरोग्यसेविका लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या 200 मिलीग्रॅमच्या गोळ्या घेऊन वाडीत आली. काकींनी तिला कार्ड दाखवलं. ती बिचारी गोंधळली आणि तिने मला फोन केला. मी म्हटलं, द्या, पण गोळी घेतल्यावर चार दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे, आभाळ भरलेलं असलं तरी. काकींनी सहा आठवडे ती गोळी घेतली आणि शर्टावर इरलं घेऊन सगळी लावणी केली. हात नीट राहिले, आणि त्या पावसाळ्यात त्यांना तापही आला नाही.